सोन्याचा भाव दुप्पट, मग तांब्याच्या खाणीतलं सोनं दुप्पट का होत नाही?

नीलिमा_गिरगाव

मार्च २०२४ मध्ये सोनं औंसाला २,१०० डॉलरच्या आसपास होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ४,००० च्या वर गेलं. टोमॅटो महागला की पुढच्या हंगामात जुन्नर-नारायणगावकडे लागवड वाढते आणि भाव उतरतो. सोन्याच्या बाबतीत असं होताना दिसत नाही. जगभरातल्या खाणींचं एकूण उत्पादन २०१८ मध्ये साधारण ३,६०० टन होतं, २०२४ मध्येही जवळपास तेवढंच.

याचं एक कारण असं वाचलं की बरंच सोनं तांब्याच्या खाणीत उपउत्पादन म्हणून निघतं आणि ते वाढवणं खाणवाल्याच्या हातात नसतं. "हातात नसतं" म्हणजे नक्की काय? त्याच डोंगरात सोनं आहे, मशिनं आहेत, माणसं आहेत. मग अडतं कुठे? ज्यांना खाणकाम किंवा धातुकाम माहीत आहे त्यांनी जरा उकलून सांगावं.

चर्नीरोड

सोपं आहे. जगातलं ७० टक्के सोनं हे तांबं, शिसं, जस्त यांच्या खाणीतून आपोआप निघतं. म्हणून सोन्याच्या भावाचा पुरवठ्यावर काही परिणामच होत नाही. तांब्याला मागणी वाढली की सोनं वाढणार, तांबं पडलं की सोनं कमी होणार. एवढंच गणित.

खाणकरी

चर्नीरोड, तुमची दिशा बरोबर आहे, पण तो आकडा चांदीचा आहे. चांदीचा सुमारे ७० टक्के पुरवठा इतर धातूंच्या खाणीतून येतो. सोन्याचं उलट आहे. बहुतेक सोनं निव्वळ सोन्याच्या खाणीतून निघतं, तांब्याबरोबर निघणारं सोनं हा लहान हिस्सा आहे. पण तो मोजक्या प्रचंड खाणींत एकवटलेला आहे, त्यामुळे एखादी खाण हलली तरी जगाच्या बेरजेत दिसते.

नीलिमाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका खाणीवरून देतो, कारण तिच्यात सगळं दिसतं. इंडोनेशियाच्या मध्य पापुआ प्रांतातली ग्रासबर्ग. जगातल्या सगळ्यात मोठ्या तांब्याच्या खाणींपैकी एक, आणि सोन्याच्या बाबतीतही पहिल्या काहींत. १९८८ मध्ये सापडली. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर आधी उघडी खाण होती. ती २०१९ मध्ये संपली आणि काम पूर्णपणे भूगर्भात गेलं.

आता आकडे बघा. २०१८ मध्ये तिथून खाण चालवणाऱ्या कंपनीच्या वाट्याचं सुमारे २४ लाख औंस सोनं विकलं गेलं, म्हणजे जवळपास ७५ टन. २०१९ मध्ये १० लाख औंसाच्या आत. २०२० मध्ये साडेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे २६-२७ टन. याच तीन वर्षांत सोन्याचा सरासरी भाव १,२६८ वरून १,३९३ आणि मग १,७७० डॉलरवर गेला. भाव ४० टक्के चढला आणि खाणीतलं सोनं एक तृतीयांश उरलं. कुणी झोपा काढत नव्हतं. उघड्या खाणीच्या तळाचा सोन्याने श्रीमंत भाग उपसून झाला होता आणि भूगर्भातली खाण नुकती सुरू होत होती. हे वेळापत्रक भाव चढायच्या कितीतरी वर्षं आधी ठरलेलं होतं.

शेअरवाला_पार्ले

पण खाणकरी, भाव चढतोय हे दिसल्यावर भूगर्भातली खाण वेगाने सुरू करता आली नसती का? पैसा तर होता. आणखी चार मशिनं उतरवायची.

खाणकरी

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

ग्रासबर्गच्या खाली जी पद्धत वापरतात तिला ब्लॉक केव्हिंग म्हणतात. खनिजाचा शेकडो मीटर उंचीचा खांब आहे असं समजा. त्याच्या तळाशी आडवा थर सुरुंगाने पोकळ करायचा. आधार गेला की वरचा खडक स्वतःच्या वजनाने तडकतो आणि कोसळायला लागतो. त्याच्या खाली गाळण्यांसारखी तोंडं बांधलेली असतात, त्यांना ड्रॉपॉइंट म्हणतात. त्यातून पडलेला खडक लोडर उचलतो आणि क्रशरकडे नेतो. जेवढा खालून काढाल तेवढा वरून आणखी कोसळतो.

यात वेग दोन ठिकाणी बांधलेला असतो. पहिलं म्हणजे नवी तोंडं. प्रत्येक तोंडासाठी बोगदा खणायचा, त्याला काँक्रीट आणि पोलादाचा आधार द्यायचा, वर गाळणीचा आकार सुरुंगाने कापायचा. एका महिन्यात अशी ठरावीकच तोंडं उघडता येतात. बोगद्याच्या टोकाला एका वेळी एकच पथक काम करू शकतं, चार मशिनं उतरवली तर तीन रांगेत उभी राहतील.

दुसरं म्हणजे उपसा. वरचा खडक ज्या वेगाने तुटतो त्याच्यापेक्षा वेगाने खालून काढलं तर मध्ये पोकळी राहते. ती अचानक कोसळली तर बोगद्यांत हवेचा मारक झोत येतो. एका बाजूने जास्त काढलं तर बाजूचा निकामी खडक आत घुसतो आणि खनिज पातळ होतं, शिवाय न उपसलेल्या तोंडांवर दाब येऊन आधार चिरडतात. म्हणून प्रत्येक तोंडातून दर दिवशी किती टन काढायचे याचा तक्ता असतो. "या कोपऱ्यात सोनं जास्त आहे, आधी तो उपसू" हा पर्याय इथे जवळजवळ नाही. उघड्या खाणीत निदान कोणता भाग आधी फोडायचा यात थोडी मोकळीक असते, तीही वरचा निरुपयोगी खडक आधी हटवलेला असेल तर.

म्हणून ही खाण २०१९ मध्ये सुरू होऊन पूर्ण भरात यायला साधारण तीन वर्षं लागली.

झवेरी_काका

मंडळी, तुम्ही पुरवठा वाढत नाही म्हणता, ते काही पटत नाही. आमच्या बाजारात भाव चढला की मोड यायला लागते. जुन्या पाटल्या, तुटलेल्या साखळ्या, एका कानातलं डूल. हल्ली तर गिऱ्हाईक रोख न मागता जुनं देऊन नवं घेतं, वर फक्त घडणावळ देतं. कारागिरांच्या खोल्यांतली धूळसुद्धा न्यारिये जास्त भाव देऊन नेतात. पुरवठा भावाला लगेच उत्तर देतो, आम्ही रोज बघतो.

नीलिमा_गिरगाव

काका, माझा प्रश्न खाणीतून नव्याने येणाऱ्या सोन्याबद्दल होता.

खाणकरी

काकांचा मुद्दा वेगळा असला तरी धाग्याला जोडलेला आहे. जगात जुन्या सोन्यातून वर्षाला १,१०० ते १,४०० टन येतं आणि भावाला सगळ्यात लवकर तेच हलतं. खाण हलू शकत नाही, म्हणून तो भार मोडीवर पडतो. पण काका, तुम्हीच सांगितलंत तसं जुनं देऊन नवं घेतलं तर बाजारात निव्वळ भर किती पडते, ते बघायला हवं. पाटल्या आल्या आणि बांगड्या गेल्या, तर बाहेरून तेवढी आयात कमी झाली एवढंच.

झवेरी_काका

बरोबर आहे. निव्वळ विकून पैसे नेणारे कमी. बरेच जण तर विकतही नाहीत, गहाण ठेवतात. पण मग मला हे सांगा, खाणीतून जो खडक रोज बाहेर येतोच आहे, त्यातलं सोनं तरी पूर्ण काढता का? आमच्याकडे धुळीतला कणही सोडत नाहीत.

पवईकर

काका, फार नेमकं विचारलंत. याचं उत्तर "नाही" आहे, आणि भाव वाढल्यावर जी थोडीफार वाढ खरोखर शक्य असते ती इथेच आहे. एक हिशोब मांडतो. खाण काल्पनिक आहे, पण आकडे अशा खाणीत सहज भेटतील असे आहेत.

मिल दिवसाला १ लाख टन खनिज दळते. त्यात तांबं ०.५ टक्के आणि सोनं टनाला ०.३ ग्रॅम. दळलेलं खनिज पाण्यात मिसळून फ्लोटेशनच्या टाक्यांत नेतात, रसायन टाकून हवा सोडतात, तांब्याची खनिजं बुडबुड्यांना चिकटून फेसावर येतात आणि फेस काढून वाळवतात, तो माल म्हणजे कॉन्सन्ट्रेट. सोनं यात प्रवासी आहे. तांब्याच्या खनिजाला चिकटलेलं सोनं त्याच्याबरोबर वर येतं. मोकळे कण काही येतात, काही जड म्हणून निसटतात. पायराइटमध्ये अडकलेलं सोनं मात्र मुद्दाम खाली दाबलं जातं, कारण पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधक, ते फेसात नको असतं. चुना टाकून पाण्याचा पीएच चढवतात तो त्याला दाबण्यासाठीच.

समजा तांब्याची रिकव्हरी, म्हणजे खडकातल्या धातूपैकी हाती येणारा वाटा, ८७ टक्के, सोन्याची ६५. म्हणजे दिवसाला ४३५ टन तांबं आणि १९.५ किलो सोनं. कॉन्सन्ट्रेटमध्ये तांबं २५ टक्के ठेवलं तर माल झाला १,७४० टन. उरलेलं साडेदहा किलो सोनं रोज टेलिंग्जच्या, म्हणजे फेकून दिलेल्या गाळाच्या, तळ्यात.

आता कुणी म्हणालं, चुना कमी करा, थोडं पायराइटही वर येऊ द्या. समजा त्याने सोन्याची रिकव्हरी ६८ झाली. रोज ०.९ किलो सोनं जास्त. पण पायराइटमुळे कॉन्सन्ट्रेटमधलं तांबं २५ वरून २१ टक्क्यांवर आलं. तेच ४३५ टन तांबं आता २,०७१ टन मालात आहे. म्हणजे रोज ३३१ टन जास्तीचा माल बोटीने पाठवायचा आणि स्मेल्टरला वितळवायला द्यायचा. वाहतूक आणि वितळणावळ मिळून टनाला ८० डॉलर धरा, २६,५०० डॉलर गेले.

शिवाय स्मेल्टर तांब्याचे पैसे देताना टक्केवारीतून एक अंक कापतो. २५ असेल तर २४ चे पैसे, २१ असेल तर २० चे. यात रोज ३.३ टन तांब्याचे पैसे बुडतात, ९,५०० डॉलरने सुमारे ३१,५००. एकूण खर्च ५८,००० डॉलर.

सोनं १,३०० डॉलर औंस असताना ०.९ किलोचे मिळायचे ३७,६००. म्हणजे रोज वीस हजारांचा तोटा, कुणी केलं नसतं. ४,००० डॉलरला त्याचेच १,१६,००० मिळतात. आता रोज ५८,००० डॉलर फायदा, आता करायला हवं.

काका, तुमचं म्हणणं खरं आहे, भाव वाढला की धूळ झाडली जाते. पण किती मिळालं बघा. भाव तिप्पट झाला आणि सोनं १९.५ वरून २०.४ किलो झालं. पाच टक्केही नाही.

शेअरवाला_पार्ले

हा हिशोब आवडला. मग ६८ वरच का थांबायचं? ८० वर का नाही नेत?

पवईकर

पायराइट आणखी वर आणलं तर तांबं १७-१८ टक्क्यांवर घसरेल. असा माल बरेच स्मेल्टर घेत नाहीत किंवा वेगळा मिसळून वापरतात. त्यांच्या भट्टीत गंधक आणि लोखंडाचं प्रमाण ठरलेलं असतं. पायराइटबरोबर बऱ्याचदा आर्सेनिकही येतं, त्याचा दंड वेगळा. आणि काही सोनं पायराइटच्या आत इतकं बारीक असतं की पायराइट वेगळं काढून, भाजून किंवा दाबाखाली ऑक्सिडाइझ करून मग सायनाइड द्यावं लागतं. तो पूर्ण नवा कारखाना झाला.

मोकळ्या कणांसाठी दळणाच्या फेऱ्यात गरगर फिरवून जड कण वेगळे करणारा सेंट्रिफ्यूगल कॉन्सन्ट्रेटर बसवता येतो, तो वर्ष-दीड वर्षात होऊ शकतो. पण तो तेव्हाच उपयोगी, जेव्हा मोकळे जड कण खरंच निसटत असतील. हे कळायला टेलिंग्जचा नमुना वेगवेगळ्या चाळण्यांतून काढून प्रत्येक आकारात किती सोनं आहे ते तपासतात. जाड भागात सोनं सापडलं तर दळण कमी पडतंय किंवा कण निसटताहेत. सगळं अतिबारीक भागात आणि पायराइटमध्ये सापडलं तर कॉन्सन्ट्रेटर विकत घेऊन पैसे वाया जातील. ही चूक होते. भाव चढला की आधी मशीन मागवतात आणि नमुना नंतर तपासतात.

चर्नीरोड

चांदीचा आकडा सोन्याला लावला, चूक मान्य. पण मुद्दा सोडत नाही. सोनं महागलं की खाण जास्त फायद्यात येते. मग कमी ग्रेडचा, म्हणजे टनामागे कमी धातू असलेला खडक, जो आधी फेकून द्यायचे, तोही परवडायला लागतो. तो मिलमध्ये घातला की सोनं वाढणारच.

खाणकरी

परवडायला लागतो हे शंभर टक्के खरं. सोनं वाढेल हे मात्र नाही, उलट होऊ शकतं.

पवईकरांच्याच खाणीत मिलची क्षमता दिवसाला १ लाख टन आहे. ती आधीच भरलेली आहे. कमी ग्रेडचा खडक आत घालायचा तर चांगला खडक बाहेर थांबवायला हवा. ०.३ ग्रॅमच्या जागी ०.२५ ग्रॅमचा खडक दळला, तर सोनं १९.५ वरून सव्वासोळा किलोवर येईल. खाणीचं आयुष्य वाढेल, एकूण साठा कागदावर वाढेल, पण या वर्षीचं सोनं घटेल. म्हणून भाव चढल्यावर कंपनीने "साठा वाढला" असं जाहीर केलं तर तो पुढच्या वर्षाचा पुरवठा समजू नका.

शेअरवाला_पार्ले

इथे मी असहमत. शहाणा खाणमालक भाव चढला म्हणून चांगला खडक थांबवून कमी ग्रेडचा का दळेल? तो उलट आधी चांगला दळेल आणि कमी ग्रेडचा ढीग करून ठेवेल.

खाणकरी

ज्या खाणीत निवडीला जागा आहे तिथे तुम्ही म्हणता तसं करतातही. पण खड्ड्याचा क्रम आधीच ठरलेला असेल, किंवा चांगला खडक अजून निरुपयोगी थराखाली असेल, तर मिल रिकामी ठेवण्यापेक्षा ढिगावरचा खडक घातला जातो. दोन्ही प्रकारच्या खाणी आहेत. सरसकट नियम मी सांगणार नाही.

नीलिमा_गिरगाव

मग मिलच मोठी का नाही करत? आता तर चर्नीरोड म्हणतात तसा पैसा येतोय.

खाणकरी

कारण मिल किती मोठी करायची हे तांबं ठरवतं. पवईकरांच्या हिशोबात टनामागे ४.३५ किलो तांबं मिळतं, किलोला साडेनऊ डॉलरने सुमारे ४१ डॉलर. सोनं ०.१९५ ग्रॅम, २,००० डॉलर औंसाने साडेबारा डॉलर आणि ४,००० ने पंचवीस. म्हणजे सोन्याचा भाव दुप्पट झाला तरी टनामागची कमाई ५४ वरून ६६ झाली, २३-२४ टक्के वाढ. निव्वळ सोन्याच्या खाणीत तीच १०० टक्के झाली असती. निर्णय घेणाऱ्यापर्यंत भावाचा आवाज पोचताना एवढा बारीक होतो.

आणि नवी मिल म्हणजे अब्जावधी डॉलर, पाणी, वीज, टेलिंग्जचं धरण, परवाने. मंगोलियातली ओयू तोल्गोई बघा. मोठा साठा २००१ मध्ये सापडला, उघडी खाण २०१३ मध्ये उत्पादनाला लागली, भूगर्भातली २०२३ मध्ये. अशा बांधकामासाठी पुढच्या वीस-तीस वर्षांच्या तांब्याची खात्री लागते. आजचा सोन्याचा भाव त्यात गोड भर आहे, पाया नाही.

खाणीच्या हिशोबात सोन्याचे पैसे तांब्याच्या खर्चातून वजा करतात. ग्रासबर्गमध्ये गेल्या काही वर्षांत हे वजा केल्यावर तांब्याचा निव्वळ रोख खर्च शून्याच्याही खाली गेला आहे. म्हणजे महाग सोन्यामुळे खाण वाढत नाही, पण तांबं पडलं तरी ती बंद पडत नाही. पुरवठा चढत नाही आणि सहजी उतरतही नाही.

शेअरवाला_पार्ले

आणखी एक गोष्ट. बऱ्याच तांबेवाल्यांनी आपलं सोनं आधीच विकलेलं असतं. खाण बांधताना रॉयल्टी-स्ट्रीमिंग कंपन्या एकरकमी पैसे देतात आणि बदल्यात पुढची कित्येक वर्षं सोनं बाजारभावाच्या बऱ्याच खाली घेतात. पनामातल्या कोब्रे पनामा खाणीचा करार तर तांब्यावरच बांधलेला आहे, दर दहा लाख पाउंड तांब्यामागे १२० औंस सोनं. तिथे सोन्याची रिकव्हरी वाढवायला खाणवाल्याला कारण काय?

तीच खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाने करार घटनाबाह्य ठरवल्यावर बंद पडली. वाद तांब्याच्या सवलत-कराराचा, निदर्शनं तांब्याच्या खाणीविरुद्ध, आणि त्याबरोबर तिचं सोनंही थांबलं. त्यानंतर सोनं दुप्पट झालं, खाण उघडली नाही.

पवईकर

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एक भर घालतो. करार तांब्याशी बांधलेला असेल तर ठरल्यापेक्षा जास्तीचं सोनं खाणीकडेच राहू शकतं, तेव्हा उलट जास्त कारण असतं. करार कसा लिहिलाय ते प्रत्येक ठिकाणी वाचावं लागेल. पण सोन्याचा ठरावीक टक्का द्यायचा असेल तर तुमचं म्हणणं तंतोतंत लागू.

झवेरी_काका

आणि आपल्या देशात? दहेजला तांब्याच्या कारखान्यात सोनं निघतं असं ऐकून आहे. तिथे वाढवता येईल ना?

पवईकर

निघतं, पण ते आपल्या खडकातलं नव्हे. दहेजचा स्मेल्टर मुख्यतः बाहेरून आणलेलं कॉन्सन्ट्रेट वितळवतो. भट्टीतून शेवटी तांब्याच्या जाड पाट्या ओततात, त्या आम्लाच्या टाक्यांत टांगून वीज सोडतात. शुद्ध तांबं दुसऱ्या पाटीवर चढतं, सोनं-चांदी विरघळत नाही, गाळ होऊन तळाशी बसते. एक पाटी झिजायला सुमारे तीन आठवडे. मग गाळ काढायचा, त्यातलं तांबं आणि सेलेनियम घालवायचं, वितळवून चांदी-सोन्याचा मिश्र गोळा करायचा, चांदी वेगळी करायची, तेव्हा सोनं हातात येतं. बोटीतून माल उतरल्यापासून काही महिने सहज जातात.

मुख्य अडचण मात्र वेगळी. जगात कॉन्सन्ट्रेट कमी आणि स्मेल्टर जास्त झालेत. वितळणावळीचा वार्षिक दर २०२४ मध्ये टनाला ८० डॉलर होता, २०२५ साठी २१.२५ वर आला. (माझ्या वरच्या हिशोबात वाहतूक धरून ८० घेतले ते जुन्या दराजवळचे आहेत. वितळणावळ एवढी पडली असेल तर पायराइट वर आणणं आणखी परवडतं.) कच्चा मालच मिळत नसेल तर दहेज काय किंवा चीन काय, गाळ कुठून वाढणार?

नीलिमा_गिरगाव

म्हणजे खडकाचा क्रम, मिलची क्षमता, फेसातलं तांबं, स्मेल्टर, प्रत्येक टप्प्यावर निर्णय तांब्याचा. आता कळलं. पण २०२५ मध्ये भाव एवढा चढला तेव्हा ग्रासबर्गचं काय झालं? ती तर तोवर पूर्ण भरात होती ना?

खाणकरी

हो, आणि तेव्हाच सगळ्यात वाईट घडलं. ८ सप्टेंबर २०२५ ला ग्रासबर्ग ब्लॉक केव्हमध्ये एका भागातल्या तोंडांतून चिखलाचा लोंढा आला. सुमारे ८ लाख टन ओला राडा बोगद्यांत घुसला. सात कामगार गेले. कंपनीने ग्राहकांना फोर्स मेज्योर, म्हणजे हाताबाहेरच्या कारणाने ठरलेला माल देता येणार नाही असं, कळवलं आणि संपूर्ण खाण थांबली. इतर दोन छोटे भूगर्भातले भाग ऑक्टोबरच्या शेवटी सुरू झाले, मुख्य भाग टप्प्याटप्प्याने २०२६ मध्ये घ्यायचं ठरलं. सोन्याने ४,००० ओलांडलं ते याच आठवड्यांत.

चिखल का होतो हे मघाच्या उपशाच्या तक्त्याशी जोडलेलं आहे. वर जुना उघडा खड्डा आहे, तो पाऊस गोळा करतो, आणि तिथे पाऊस प्रचंड. कोसळणारा खडक घासून बारीक भुगा होतो. भुगा आणि पाणी एकत्र येऊन साठलं की ते एखाद्या तोंडातून एकदम सुटू शकतं. म्हणून प्रत्येक तोंडाची ओल आणि भुग्याचं प्रमाण नियमित तपासून ओल्या तोंडांवर माणसाऐवजी दूरनियंत्रित लोडर लावतात, आणि कुठून किती काढायचं ते त्यावरही ठरतं. भाव चढला म्हणून ओल्या तोंडातून जास्त काढा, असं इथे कुणी म्हणू शकत नाही.

चर्नीरोड

हे वाचून वाईट वाटलं. "चार मशिनं" वाल्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण मिळालं.

तरी दीर्घकाळाचा प्रश्न उरतोच. सोनं ४,००० वर टिकलं तर ज्या साठ्यांत तांब्याबरोबर सोनंही भरपूर आहे ते आधी बांधले जातील ना? पाकिस्तानातली रेको दिक किती वर्षं पडून होती, आता हलली.

खाणकरी

रेको दिकचा वाद २०११ मध्ये सुरू झाला आणि २०२२ मध्ये समझोता झाला, तेव्हा सोनं १,८०० च्या आसपास होतं. ती भावामुळे हलली असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण दहा वर्षांच्या पट्टीवर तुमचं म्हणणं बरोबर ठरू शकतं. दोन सारखे तांब्याचे प्रकल्प समोर असतील तर सोनं असलेला निवडतील.

शेअरवाला_पार्ले

मला तर वाटतं जुन्या टेलिंग्जच्या तळ्यांतून आधी वाढ दिसेल. रोज साडेदहा किलो तिथे जातंय, खडक आधीच दळलेला आहे.

पवईकर

दळलेला आहे हे खरं. पण उरलंय ते बरंचसं पायराइटमधलं सोनं, म्हणजे नेमकं अवघड तेच. शिवाय त्यात थोडं तांबं असतं आणि तांबं सायनाइड खातं. सोन्याऐवजी तांब्यावरच रसायन संपतं. तळ्यातल्या तांब्याचा किती भाग सायनाइडमध्ये विरघळणारा आहे, ते आधी प्रयोगशाळेत बाटलीत घोळवून बघावं लागेल. काही तळी जमतील, बरीचशी नाही. यावर वेगळा धागा काढायला हरकत नाही.

नीलिमा_गिरगाव

शेवटचं विचारते. बाहेरच्या माणसाला कंपनीच्या तिमाही अहवालातून हे कसं ओळखता येईल की सोनं खरंच वाढणार आहे की नाही?

खाणकरी

सोन्याच्या औंसांची ओळ नंतर बघा. आधी तीन ओळी शोधा: दिवसाला किती टन खनिज दळलं, त्यात सोनं टनाला किती ग्रॅम होतं, आणि रिकव्हरी किती टक्के. रिकव्हरीची टक्केवारी शंभराने भागून तिन्हींचा गुणाकार करा, दिवसांनी गुणा आणि ३१.१ ने भागा, औंस येतात.

ग्रासबर्गचंच बघा. २०१८ मध्ये रोज सुमारे १ लाख ७८ हजार टन आणि टनाला दीड ग्रॅमहून थोडं जास्त. २०१९ मध्ये १ लाख १० हजार टन आणि एक ग्रॅमच्या खाली. रिकव्हरीही ८५ वरून ७५ टक्क्यांवर. तीन्ही आकडे एकदम खाली, यातल्या एकालाही सोन्याचा भाव हात लावू शकत नव्हता.

आणि उत्पादन व विक्री वेगळी बघा. इंडोनेशियात २०२५ च्या सुरुवातीला निर्यातीचा परवाना संपल्यावर कॉन्सन्ट्रेट काही आठवडे गोदामात पडून होतं. परवाना मिळाल्यावर विक्री उसळली, पण त्यावरून उत्पादनही तेवढंच वाढलं असं समजू नका. त्यात आधीच निघून पडून राहिलेला माल होता.